ताबा लांबला, तर करारनाम्यातील तारखेवरून काय मागता येते?

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलेले जे ग्राहक आमच्या कार्यालयात येतात, ते बहुधा बिल्डरने तोंडी सांगितलेल्या तारखा सांगतात: आधी दसरा, मग पाडवा, मग लिफ्ट बसली की लगेच. दाव्याचा पाया मात्र नोंदणीकृत करारनाम्यातील ताब्याच्या कलमात लिहिलेली तारीख हाच असतो. त्या तारखेपुढे सवलतीचे काही महिने लिहिले आहेत का, हेही पाहून ठेवावे, कारण बिल्डर सर्वप्रथम तेच पुढे करतो. महारेराकडून, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडून, प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली की ग्राहकाला वाटते, आपली तारीखही पुढे गेली. पण ती मुदतवाढ प्रकल्पाच्या नोंदणीला असते आणि तेवढ्यावरून तुमच्या करारातील तारीख बदलत नाही. ती बदलते ती तुमच्या सहीने. म्हणूनच 'पुरवणी करार' किंवा 'संमतीपत्र' म्हणून समोर आलेला कागद घरी नेऊन वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये.

तारीख उलटून गेल्यावर 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाचे, म्हणजेच रेरा कायद्याचे, कलम 18 ग्राहकापुढे दोन मार्ग ठेवते. फ्लॅट नको असेल, तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते. फ्लॅट हवाच असेल, तर ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मिळते. कोणता मार्ग घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचे असते. परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. घरभाडे व मनस्ताप यांची वेगळी भरपाई बाहेर पडणाऱ्यासाठी आहे. थांबणाऱ्याला या कलमाखाली मुख्यतः व्याजच मिळते, हे मात्र ग्राहकाला बहुधा उशिरा कळते.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेल्या आधारभूत व्याजदरापेक्षा, 2 टक्के अधिक असतो. समजा, जुळे सोलापुरातील एका फ्लॅटची किंमत 40 लाख रुपये आहे, करारातील ताब्याची तारीख 31 मार्च 2023 आहे आणि तोपर्यंत 32 लाख रुपये भरलेले आहेत. आणखी 4 लाख 31 डिसेंबर 2023 रोजी भरले आणि भोगवटा प्रमाणपत्रासह, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्यासह, ताबा 30 सप्टेंबर 2024 रोजी मिळाला. गणितापुरता दर 11 टक्के धरला, तर 32 लाखांवर 18 महिन्यांचे 5,28,000 रुपये आणि नंतरच्या 4 लाखांवर त्यांच्या भरण्यापासूनच्या 9 महिन्यांचे 33,000 रुपये, असे एकूण 5,61,000 रुपये होतात. या हिशेबात सरळव्याज धरले आहे. भरण्याची प्रत्येक पावती तारखेसह जपून ठेवा, असे आम्ही वारंवार सांगतो ते याचसाठी. परताव्याचा मार्ग घेतल्यास व्याज ताब्याच्या तारखेपासून न मोजता रक्कम भरल्याच्या दिवसापासून मोजले जाते. मात्र गृहकर्ज असल्यास आलेल्या पैशांतून आधी बँकेचे देणे फेडावे लागते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. बिल्डरने बांधकामाच्या टप्प्यानुसार मागितलेला हप्ता तुम्ही थकवला असेल, तर त्याच दराने व्याज तुम्हालाही लागू होते आणि सुनावणीत तोच बिल्डरचा मुख्य बचाव होतो. म्हणून टप्पा पूर्ण न होताच मागणीपत्र आले असेल, तर गप्प न बसता लेखी हरकत नोंदवावी.

सर्वाधिक नुकसान किल्ली घेण्याच्या दिवशी होते. महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आलेले नसते, पण 'फर्निचरसाठी ताबा' म्हणून किल्ली दिली जाते आणि तिच्यासोबत 'माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' अशा मजकुरावर सही घेतली जाते. भोगवट्याशिवाय दिलेली किल्ली म्हणजे कायदेशीर ताबा नव्हे. प्रमाणपत्र आल्यावर ताबा जरूर घ्यावा, पण त्याआधी व्याजाची मागणी नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि ताबापावतीवर 'विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून' असे स्वहस्ते लिहावे. ताबा घेतल्यानंतर प्रथमच मागितलेले व्याज पुष्कळदा वादात सापडते.

बिल्डरने दाद दिली नाही, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिचे शुल्क 5,000 रुपये आहे. करारनामा, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे सूची दोन, पावत्या, मागणीपत्रे आणि वरीलप्रमाणे महिनावार व्याजाचा तक्ता सोबत जोडावा. नुकसानभरपाईची रक्कम ठरविण्याचे काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे असते. आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत, तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. या टप्प्याला बराच वेळ लागतो. बिल्डरच्या नावावर कोणत्या मिळकती आहेत याची माहिती तहसील कार्यालयाला ग्राहकानेच सातबारा किंवा मिळकतपत्रिकेसह पुरवली, तर काम लवकर पुढे सरकते.