गोवराची लस

गोवराच्या लशीत गोवराचा विषाणू जिवंतच असतो. मूल मात्र आजारी पडत नाही, कारण हा विषाणू मुद्दाम दुबळा केलेला असतो. १९५४ साली अमेरिकेत जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी एडमन्स्टन नावाच्या शाळकरी मुलाच्या रक्तातून तो वेगळा केला. मग माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत २४ वेळा, गर्भवेष्टनाच्या पेशींत २८ वेळा, पुढे कोंबडीच्या गर्भात अशा पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या. परक्या पेशींत रुळताना माणसाच्या शरीरात फोफावण्याची त्याची ताकद गेली. बाहेरची प्रथिने मात्र जवळजवळ तशीच राहिली, आणि शरीर विषाणू ओळखते ते याच प्रथिनांवरून. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट याच वाणाचा एक उपप्रकार, एडमन्स्टन-झाग्रेब, वापरते.

दंडावर कातडीखाली अर्धा मिलिलिटर लस टोचली की विषाणू तिथे हळूहळू वाढू लागतो. पहारेकरी पेशी त्याचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका गाठीत जातात. तिथल्या असंख्य पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा नेमका जुळतो, तेवढ्याच भराभर वाढतात. त्यांतल्या काही प्रतिपिंडे तयार करतात, काही लागण झालेल्या पेशी मारतात. काम संपल्यावर बहुतेक मरतात; थोड्या स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. लशीनंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी काही मुलांना ताप येतो, क्वचित पुरळही उठते. आई घाबरते, पण याच सुमारास शरीर विषाणूशी झुंजत असते. तापाला उशीर लागतो तो विषाणू आधी वाढावा लागतो म्हणून. टोचल्या दिवशीच आलेल्या तापाचे कारण बहुधा वेगळे असते.

पुढे खरा गोवर शिरला तरी ताप-पुरळ दिसायला त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी जाग्या होऊन त्याला आवरतात.

पहिला डोस नवव्या महिन्याआधी सहसा देत नाहीत. आईकडून आलेली प्रतिपिंडे तोवर बाळाच्या रक्तात असतात आणि ती लशीतला विषाणू वाढण्याआधीच निकामी करतात. शरीर काही शिकतच नाही. नऊ महिन्यांनाही सुमारे १५ टक्के मुलांत लस लागू पडत नाही. १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस मुख्यतः या सुटलेल्या मुलांसाठी आहे. 'एकदा दिलीय ना' म्हणून तो टाळला जातो, तिथेच वस्तीत साथीला वाट मिळते.

जिवंत लशीचे दुखणे म्हणजे उष्णता. पावडर द्रावणात मिसळल्यावर कुपी थंड ठेवून चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. उन्हात मेलेला विषाणू वाढत नाही, त्यामुळे सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते, संरक्षण मात्र मिळत नाही. याउलट, ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, उदाहरणार्थ रक्ताच्या कर्करोगावर उपचार चाललेली मुले, त्यांच्यात दुबळा विषाणूही आवरत नाही. अशांना ही लस देत नाहीत. त्यांचा बचाव भोवतालच्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असतो.