दोन तपासनीसांची जुळणी आणि कॅपा : केळी तपासणीचा अहवाल कसा वाचावा

सावदा, फैजपूर, रावेर आणि यावल परिसरातील जे व्यापारी, निर्यातदार आणि शेतकरी गट आमच्याकडून पॅक हाउसमधील केळीची तपासणी करून घेतात, त्यांच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘कॅपा’ या नावाने एक आकडा छापलेला असतो. तो कसा निघतो आणि त्यावर कितपत विसंबावे, हे या पत्रकात सांगितले आहे. येथील संख्या समजावून सांगण्यासाठी घेतल्या आहेत. त्या कोणत्याही ग्राहकाच्या मालाच्या नाहीत.

फणी निर्यातयोग्य आहे की नाही, हे शेवटी माणसाची नजर ठरवते. जाडी कॅलिपरने मोजता येते. पण सालीवरचा डाग चालण्याजोगा आहे का, घासल्याची खूण किती खोल आहे, याचा निवाडा तपासनीसच करतो. म्हणून आम्ही काही फण्या दोन तपासनीसांना स्वतंत्रपणे दाखवतो आणि त्यांचे निर्णय किती जुळतात ते पाहतो.

नुसती जुळणीची टक्केवारी सांगून का भागत नाही, हे एका टोकाच्या उदाहरणावरून कळेल. समजा, २०० फण्यांपैकी पहिल्या तपासनीसाने १८० योग्य आणि २० अयोग्य ठरवल्या, आणि दुसऱ्याने एकाही फणीकडे न पाहता सगळ्यांपुढे ‘योग्य’ लिहिले. दोघांचे १८० निर्णय जुळले, म्हणजे जुळणी ९० टक्के झाली. पण दुसऱ्याने तपासणी केलेलीच नाही. अशी आपोआप होणारी जुळणी वजा करून उरलेली मोजण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कॅपा हे माप मांडले. या उदाहरणात कॅपा बरोबर शून्य येतो.

आता खऱ्या तपासणीसारखे उदाहरण घेऊ. एका मिश्र प्रतीच्या मालातील २०० फण्यांवर दोघांनी दिलेले निर्णय असे आहेत :

| | दुसरा : योग्य | दुसरा : अयोग्य | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला : योग्य | ९० | १० | १०० |
| पहिला : अयोग्य | २० | ८० | १०० |
| एकूण | ११० | ९० | २०० |

दोघांचे एकमत ९० आणि ८० मिळून १७० फण्यांवर झाले, म्हणून प्रत्यक्ष जुळणी १७० भागिले २००, म्हणजे ०.८५. योगायोगाची जुळणी कडेच्या बेरजांवरून निघते. पहिला निम्म्या फण्या योग्य ठरवतो आणि दुसरा ५५ टक्के. दोघांचे निर्णय एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखे पडले असते, तर दोघांनीही योग्य म्हणण्याचा वाटा ०.५० × ०.५५ = ०.२७५ आणि दोघांनीही अयोग्य म्हणण्याचा वाटा ०.५० × ०.४५ = ०.२२५ झाला असता. दोन्ही मिळून ०.५०. सूत्र असे आहे :

कॅपा = (प्रत्यक्ष जुळणी − योगायोगाची जुळणी) ÷ (१ − योगायोगाची जुळणी)

म्हणजे ०.३५ भागिले ०.५०, उत्तर ०.७०. योगायोगाच्या पलीकडे जेवढी जुळणी शक्य होती, तिच्यातली ७० टक्के या दोघांनी मिळवली, असा त्याचा अर्थ. संपूर्ण एकमत असेल तर कॅपा १ येतो. तो शून्याच्या बराच खाली गेला, तर आम्ही आधी नोंदीचे कागद तपासतो, कारण कुणीतरी योग्य-अयोग्यचे रकाने उलटे भरले असण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त असते.

ज्या गोष्टीवरून ग्राहक सर्वाधिक गोंधळतात, ती येथून पुढे आहे. आता उत्तम प्रतीचा दुसरा माल घ्या. बहुतेक सगळ्या फण्या चांगल्या आहेत. तेच दोन तपासनीस, तेवढ्याच २०० फण्या :

| | दुसरा : योग्य | दुसरा : अयोग्य | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला : योग्य | १६५ | १० | १७५ |
| पहिला : अयोग्य | २० | ५ | २५ |
| एकूण | १८५ | १५ | २०० |

एकमत पुन्हा १७० फण्यांवरच आहे आणि मतभेदही तेच १० आणि २० आहेत. परंतु दोघेही बहुतेक फण्यांना योग्य म्हणत असल्याने योगायोगाचीच जुळणी सुमारे ०.८२ होते आणि कॅपा ०.१७ वर येतो. हा आकडा पाहून तपासनीस अचानक बिघडले, असे समजणे चूक आहे, आणि कॅपा निरुपयोगी आहे असे म्हणून तो बाजूला टाकणे हीदेखील चूकच. तो येथे एक खरी गोष्ट सांगत आहे : पहिल्याने नाकारलेल्या २५ फण्यांपैकी फक्त ५ दुसऱ्यानेही नाकारल्या. चांगला माल ओळखण्यात दोघे सहमत आहेत. वाईट फणी कोणती, यावर जवळजवळ नाहीत. कंटेनर बंदरावर पोहोचल्यावर वाद होतो तो नेमका अशा फण्यांवरून. म्हणून आमच्या अहवालात कॅपाच्या शेजारी संपूर्ण तक्ता दिलेला असतो, आणि तक्त्याशिवाय कॅपा वाचू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. प्रतीत फार फरक असलेल्या दोन मालांचे कॅपा एकमेकांशी ताडूनही पाहू नयेत.

१९७७ मध्ये लँडिस आणि कॉख यांनी सुचवलेली प्रतवारी अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यानुसार ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० भरीव आणि त्यावर जवळपास पूर्ण जुळणी समजतात. या सीमा सोयीसाठी आखलेल्या आहेत, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते, त्यामुळे ०.५९ आणि ०.६२ यांत फरक करून तपासनीसाबद्दल मत बनवू नये.

नमुना लहान असेल तर तो फरक तसाही टिकत नाही. २०० फण्यांवर आलेल्या ०.७० भोवतीची ९५ टक्के विश्वासाची कक्षा साधारण ०.६० ते ०.८० असते, तसाच तक्ता केवळ ५० फण्यांवर आला असता, तर ती ०.५० ते ०.९० इतकी पसरली असती. कमी फण्यांत काम उरकण्याची विनंती आम्ही नाकारतो, ती यासाठी.

हिशेब बरोबर असूनही आकडा फसवा ठरू शकतो, कारण सगळे गणित दोघांनी स्वतंत्रपणे पाहिले या गृहीतावर उभे आहे. पहिल्याने नाकारलेल्या फणीवर खूण राहिली किंवा ती वेगळ्या क्रेटमध्ये ठेवली गेली, तर दुसऱ्याला उत्तर आधीच कळते आणि कॅपा फुगतो. म्हणून फण्यांना फक्त क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावतो, दुसऱ्या फेरीपूर्वी त्यांचा क्रम बदलतो आणि कागद वेगळे ठेवतो. दोन्ही फेऱ्या लागोपाठ होणेही आवश्यक आहे, कारण चिकाचे आणि घासल्याचे डाग काही तासांनी काळे पडतात. दुसरा तपासनीस सकाळऐवजी संध्याकाळी आला, तर तो वेगळाच माल पाहत असतो, आणि त्यातून निघालेला मतभेद माणसांचा नसून वेळेचा असतो.

मतभेदांची दिशाही पाहावी. वरच्या दोन्ही तक्त्यांत पहिल्याने नाकारून दुसऱ्याने स्वीकारलेल्या फण्या २० आहेत, तर उलट प्रकारच्या १०. म्हणजे पहिला अधिक कडक असण्याकडे कल दिसतो. असा कल दिसला की आम्ही त्या ३० फण्या दोघांसमोर एकत्र ठेवतो आणि डागाची कमाल मर्यादा नमुना फणी दाखवून पक्की करतो.

दोघे जुळले म्हणजे दोघे बरोबर आहेत, असे मात्र कॅपा सांगत नाही. एकच दोष दोघांच्याही नजरेतून सुटत असेल, तर कॅपा उंचच राहील. त्यासाठी खरेदीदाराच्या गोदामात माल उतरल्यावरची नोंद आमच्या निर्णयाशी ताडावी लागते. ज्या ग्राहकांना ही तुलना हवी आहे, त्यांनी फणीवरची क्रमांकाची चिठ्ठी पॅकिंगच्या वेळी काढू नये आणि उतरणीच्या तपासणीचा कागद आमच्याकडे पाठवावा. त्यावरून तसाच दोन रांगांचा तक्ता मांडून आम्ही तो पुढच्या अहवालाला जोडतो.