पोटरीतला गोळा: मॅग्नेशियम घ्यावं की क्विनीन?

रात्री झोपेत पोटरीत गोळे येणाऱ्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मॅग्नेशियम सुरू कर. दुसरा, क्विनीनची गोळी घे, आणि ती मिळत नसेल तर झोपताना ग्लासभर टॉनिक वॉटर पी. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून हा दुसरा सल्ला जास्त येतो. दोन्ही एकाच दमात सांगितले जातात आणि ऐकणारा दोन्हींची गणना एकाच जातीत करतो: शरीरात काहीतरी कमी पडलंय, ते भरून काढायचं.

प्रत्यक्षात दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मॅग्नेशियम हे खनिज आहे, ते शेंगदाण्यात, डाळींत, बाजरीत असतं आणि आपल्याला रोज लागतं. क्विनीन म्हणजे जुन्या लोकांचं कोयनेल, सिंकोनाच्या सालीतून निघणारं मलेरियाचं कडू औषध. शरीरात त्याची 'कमतरता' असूच शकत नाही. ते स्नायूची उत्तेजित होण्याची क्षमता कमी करतं, म्हणून गोळ्यांवर वापरलं गेलं. टॉनिक वॉटर सोड्याच्या शेजारी ठेवलेलं असलं तरी त्याचा कडवटपणा या क्विनीनचाच असतो.

आधी मॅग्नेशियमचं पाहू, कारण सध्या त्याचीच चलती आहे.

इस्रायलमध्ये झालेली एक चाचणी २०१७ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. रात्री गोळे येणारी ९४ माणसं घेतली. निम्म्यांना रोज झोपताना ८६५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड दिलं, म्हणजे ५२० मिलिग्रॅम प्रत्यक्ष मॅग्नेशियम. (डबीवर कोणता आकडा छापलाय हे नीट बघावं लागतं, क्षाराचं वजन आणि त्यातल्या मॅग्नेशियमचं वजन यांत असा मोठा फरक असतो.) उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळालंय हे ना रुग्णांना माहीत, ना तपासणाऱ्यांना.

चार आठवड्यांनी मॅग्नेशियमवाल्यांचे गोळे आठवड्याला सरासरी ७.८ वरून ४.४ वर आले. जवळजवळ निम्मे झाले म्हणायला हरकत नाही. एवढाच आकडा हातात असता तर कोणीही म्हणालं असतं, औषध लागू पडलं. पण रिकामी कॅप्सूल घेणाऱ्यांचेही ८.५ वरून ५.५ वर आले होते. दोन्ही गटांतल्या घटीत फरक उरतो तो आठवड्याला अर्ध्या गोळ्याहूनही कमी, आणि तोही योगायोगाने पडेल इतपतच.

'मला तर फरक पडला' असं मनापासून सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात, हे या आकड्यांवरून कळतं. रात्रीचे गोळे आपोआप वाढतात आणि ओसरतात. माणूस औषधाच्या शोधात निघतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे त्यानंतर काहीही घेतलं तरी बहुतेकदा उतारच दिसतो. त्यात 'आपण काहीतरी घेतोय' या भरवशाची भर पडते. रिकाम्या कॅप्सूलचा गट नसता तर हे श्रेय सगळं मॅग्नेशियमच्या खात्यावर गेलं असतं. घरी आपल्याकडे तो गट कधीच नसतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ऑक्साइड आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, ग्लायसिनेट किंवा सायट्रेट घ्यायला हवं. ऑक्साइड कमी शोषलं जातं हे खरंच आहे. पण या आक्षेपाचं उत्तर २०११ सालच्या कॅनडातल्या एका चाचणीत सापडतं. तिथे ४६ ज्येष्ठांपैकी काहींना पाच दिवस रोज ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट थेट शिरेतून दिलं गेलं, बाकीच्यांना औषध नसलेलं द्रावण. आतड्याचा प्रश्नच मिटला. तरीही गोळ्यांच्या संख्येत या बाकीच्यांपेक्षा नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय मूत्रात किती मॅग्नेशियम उतरतंय हे मोजून, शरीराने ते किती राखून ठेवलं याचाही अंदाज घेतला होता. ज्यांनी जास्त राखलं, म्हणजे ज्यांच्यात कमतरता असण्याची शक्यता अधिक, त्यांनाही जास्त गुण आला नाही. त्यामुळे महागडा प्रकार घेतल्याने काम होईल या आशेला मी तरी फारसा आधार मानत नाही.

सगळ्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष असाच आहे: वयस्कर माणसांच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा जाणवण्याजोगा उपयोग असण्याची शक्यता कमी. गर्भारपणातल्या गोळ्यांबद्दलच्या चाचण्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे प्रश्न अजून खुला आहे. आणि एक गोष्ट लपवायला नको. २०२१ साली आलेल्या एका चाचणीत साठ दिवस मॅग्नेशियम दिल्यावर रिकाम्या गोळीपेक्षा जास्त घट दिसली. एका उलट निकालाने आधीचं सगळं पुसलं जात नाही, पण महिन्याऐवजी दोन महिने दिलं तर काय, हे पुन्हा तपासायला हवं एवढं त्यातून निघतं.

खरी कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. दीर्घकाळ जुलाब, रोजचं भरपूर मद्य, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा अॅसिडिटीसाठी वर्षानुवर्षं चाललेलं पँटोप्राझोल-ओमेप्राझोल यांनी मॅग्नेशियम खरोखर खालावतं. अशा माणसाला फक्त रात्री पोटरीत गोळा येत नाही. हातापायांना मुंग्या, बोटं आखडणं, थकवा, कधी हृदयाचे ठोके चुकणं असं दिवसाही काही ना काही चालू असतं, आणि कॅल्शियम-पोटॅशियमही सोबत घसरलेलं आढळतं. तिथे मॅग्नेशियम हा योग्य उपचारच आहे.

बाकीच्यांना ते घेऊन होणारा त्रास म्हणजे पातळ जुलाब. अपवाद एकच, पण मोठा: मूत्रपिंड अधू असलेल्यांनी ते परस्पर घेऊ नये. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं असतं. ते झालं नाही तर रक्तात साठून रक्तदाब आणि नाडी दोन्ही खाली येतात. आपल्याकडे मधुमेह असलेल्या ज्येष्ठांत क्रिएटिनिन वाढलेलं असणं काही दुर्मीळ नाही, म्हणून हा अपवाद कागदावरचा समजू नये.

क्विनीनचा हिशेब बरोबर उलटा आहे. ते काम करतं. कॉक्रेनने २३ चाचण्या आणि सुमारे १६०० रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा रिकाम्या गोळीच्या तुलनेत दोन आठवड्यांत साधारण अडीच गोळे कमी झाले, म्हणजे २८ टक्के. कळांची तीव्रता दहा टक्क्यांनी उतरली. म्हणजे आठवड्याला सव्वा गोळा वाचतो. वरच्या इस्रायली चाचणीत रिकाम्या कॅप्सूलवर आठवड्याला तीन गोळे कमी झाले होते. दोन वेगळ्या अभ्यासांची तुलना काटेकोर नसते, पण क्विनीनची स्वतःची कमाई किती बेताची आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

या बेताच्या कमाईची किंमत काय? कानात शिट्टी वाजणं, मळमळ, नजर अंधुक होणं हे तर आहेच, हृदयाची लय बिघडू शकते, हृदयासाठीचं डिगॉक्सिन आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन यांचा परिणाम वाढू शकतो. पण औषध नियंत्रकांना घाबरवलं ते रक्तातल्या घडामोडीने. काही थोड्या माणसांच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होतात की ती एरवी गप्प असतात, मात्र रक्तात क्विनीन आलं की प्लेटलेट्सना चिकटतात. मग काही तासांत थंडी वाजून ताप, उलट्या, पाठदुखी. पुढे पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, जे दाबले तरी फिके होत नाहीत. हिरड्यांतून, नाकातून रक्त. तपासणीत दीड लाखाच्या वर असायला हव्यात त्या प्लेटलेट्स वीस हजारांखाली. काहींमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन मूत्रपिंडं बंद पडतात आणि डायलिसिसची वेळ येते.

हे दुर्मीळ आहे, पण ते कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि त्याचा डोसशी सरळ संबंध नाही. 'मी वर्षभर घेतेय, मला काही झालं नाही' हे वाक्य इथे कुचकामी ठरतं. मधे काही महिने बंद ठेवून पुन्हा घेतलेली पहिलीच गोळी घात करू शकते. नेमकी हीच पद्धत, म्हणजे त्रास वाढला की एखादी गोळी घ्यायची, घरोघरी असते.

अमेरिकेची औषध नियंत्रक संस्था एफडीएने १९९४ साली पोटरीच्या गोळ्यांसाठी क्विनीनची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी मान्यता नसलेली उत्पादनं बाजारात होतीच. डिसेंबर २००६ मध्ये तीही काढायला लावली, तेव्हा १९६९ पासून जमा झालेल्या नोंदींत ६६५ गंभीर घटना आणि ९३ मृत्यू होते. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्येच हा वापर मान्यतेतून वगळला होता. ब्रिटनने दार पूर्ण लावलं नाही: गोळे फार वेदनादायक असतील, झोप नियमित मोडत असेल, दुसरं कारण नसेल आणि औषधाविना केलेले उपाय फसले असतील तरच क्विनीन द्यायचं. चार आठवड्यांत गुण नाही आला तर बंद, आणि गुण आला तरी दर तीन महिन्यांनी थांबवून गरज आहे का हे पाहायचं. आपल्याकडे तीनशे मिलिग्रॅमची गोळी मलेरियासाठी असते आणि ती तिथेच शोभते. मलेरियात जीव पणाला लागलेला असतो, तेव्हा हा धोका पत्करण्यात अर्थ असतो. पोटरीच्या गोळ्याने कोणी दगावत नाही.

आणि टॉनिक वॉटर? अमेरिकेत त्यात लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालतं. म्हणजे २०० मिलिलिटरच्या ग्लासात फार तर सोळा-सतरा मिलिग्रॅम. चाचण्यांत वापरलेला डोस २०० ते ५०० मिलिग्रॅम. तिथवर पोहोचायला अडीच लिटर प्यावं लागेल, साखरेसकट. पोटरीच्या गोळ्यांसाठी ग्लासभर निरुपयोगी, पण ज्याच्या रक्तात ती प्रतिपिंडं आहेत त्याला तेवढंही पुरतं. जिन आणि टॉनिकनंतर अंगावर ठिपके उठलेल्या रुग्णांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत १९६० च्या दशकापासून आहेत. म्हणून क्विनीनची अशी प्रतिक्रिया एकदा आलेल्या माणसाने टॉनिक वॉटर आणि क्विनीन असलेलं बिटर लेमन हे पेय दोन्ही कायमचं सोडायचं आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ते सांगायचं. क्विनीन घेतल्यावर अंगावर ठिपके उठले तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठून प्लेटलेट्स तपासून घ्यायच्या.

मग करायचं काय? गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा स्वतःकडे ओढायचा, बहुतेकदा तो मिनिटभरात सुटतो. रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणल्याने, पंचावन्नच्या वरच्या ८० जणांच्या एका डच चाचणीत सहा आठवड्यांत गोळे कमी झाले. ब्रिटनमधल्या त्याआधीच्या एका चाचणीत ताण देऊन काही फरक दिसला नव्हता, त्यामुळे पुरावा पक्का नाही. पण यात नुकसान काही नाही. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरं वाटत असेल, किंवा एकच पाय सुजला असेल, तर तो रात्रीचा साधा गोळा नव्हे. त्यासाठी रक्तवाहिन्यांची तपासणी लागते.