कॅमरिला पातळ्या आणि ‘बंद भाव’ नावाचं भांडण

पुण्यात इंट्राडे करणाऱ्या कुणाच्याही स्क्रीनवर आज पिव्होटच्या आडव्या रेषा असतात. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या बहुतेक क्लासिक पिव्होटच्या असत. आता रिव्हर्सलचे सौदे करणाऱ्यांनी त्यांच्या जागी कॅमरिलाच्या लेव्हल्स लावल्या आहेत. कारण विचारलं तर ‘त्या भावाच्या जवळ असतात’ असं उत्तर येतं. उत्तर बरोबर आहे. पण किती जवळ असतात आणि कशापासून मोजून जवळ असतात, हे सहसा कुणी सांगत नाही. सगळा घोळ त्या ‘कशापासून’मध्येच आहे.

क्लासिक पिव्होट ही शिकागोच्या फ्युचर्स पिटमधली जुनी सोय. रिंगणात उभ्या माणसाजवळ चार्ट नसायचा, कालचे हाय, लो आणि बंद भाव मात्र असायचे. तिघांची बेरीज करून तीनने भागलं की मधला आकडा मिळतो, आणि त्यावरून वरच्या R1, R2 आणि खालच्या S1, S2 अशा लेव्हल्स कागदाच्या चिठोऱ्यावर निघतात. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

कॅमरिला त्यामानाने अलीकडची. १९८९ मध्ये एका बाँड ट्रेडरला हे गणित सापडलं, असं सांगितलं जातं. सुरुवातीला सूत्र उघड नव्हतं. कालचे आकडे दिले की लेव्हल्स मिळायच्या, गुणक कळायचे नाहीत. लोकांनी मिळालेल्या लेव्हल्सवरून उलटं गणित करून ते शोधले, आणि आज सगळीकडे चालतं ते हेच. H म्हणजे कालचा हाय, L लो आणि C बंद भाव:

```
H3 = C + (H - L) * 1.1 / 4
H4 = C + (H - L) * 1.1 / 2
L3 = C - (H - L) * 1.1 / 4
L4 = C - (H - L) * 1.1 / 2
```

H1, H2 ही असतात, पण त्यांच्यावर कुणी सौदा करत नाही. १.१ च का, याचं पटेल असं कारण मी आजवर कुठे वाचलेलं नाही. मूळ नियम सोपा होता. बाजार H3 आणि L3 च्या मध्ये उघडला तर H3 ला टेकून वळल्यावर विकायचं, L3 ला टेकून वळल्यावर घ्यायचं आणि स्टॉप H4 किंवा L4 च्या पलीकडे ठेवायचा. H4 ओलांडून भाव टिकला तर रिव्हर्सलचा विचार सोडून द्यायचा. पुढे H5, H6 आले, पण ती नंतरची भर. H5 काढण्याच्या निदान दोन वेगवेगळ्या रीती चालतात, त्यामुळे कुणी ‘H5 वरून वळला’ म्हटलं की आधी कुठल्या रीतीचा ते विचारावं.

आता दोन्हींची तुलना. क्लासिकमध्ये S1 पासून R1 पर्यंतचं अंतर कालच्या पूर्ण रेंजइतकं असतं. हे गणितानेच ठरतं, बाजाराचा त्यात हात नाही. कॅमरिलात L3 ते H3 हे अंतर रेंजच्या ५५ टक्के असतं. शिवाय क्लासिकचा R1 कालच्या बंद भावापासून रेंजच्या एक तृतीयांशाहून जवळ कधीच येऊ शकत नाही. बंद भाव अगदी हायवर असेल तेव्हा तो एक तृतीयांशावर असतो, लोवर असेल तेव्हा दोन तृतीयांशावर. H3 मात्र नेहमी २७.५ टक्क्यांवर. म्हणजे एकच बंद भाव धरला तर H3 कायम R1 च्या आत राहतो. म्हणूनच शांत दिवशी R1 ला भाव पोचतच नाही आणि कॅमरिलावाल्याचे दोन सौदे होऊन जातात. त्यातले किती नफ्यात गेले हा वेगळा हिशोब. पण संधी जास्त दिसतात, आणि ही पद्धत पसरली ती बरीचशी त्यामुळे, असं माझं मत आहे.

या जवळिकीची किंमतही आहे. कालची रेंज ८० अंकांची असेल तर H3 बंद भावापासून २२ अंकांवर, आणि H3 ते H4 हे स्टॉपचं अंतरही २२ च. १ ऑक्टोबर २०२४ ला फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी ०.०२ टक्के झाला. त्या दराने २४,८०० च्या निफ्टीवर तेवढ्यानेच जवळजवळ पाच अंक जायचे. ब्रोकरेज आणि स्लिपेज त्याच्यावर. बारक्या रेंजनंतरच्या दिवशी या लेव्हल्स चार्टवर देखण्या दिसतात, खिशाला परवडत नाहीत.

पण खरा वाद C चा आहे.

क्लासिकमध्ये बंद भाव हा तीन आकड्यांपैकी एक. तो ३० अंकांनी बदलला तर मधला पिव्होट १० अंकांनी सरकतो आणि R1 २० अंकांनी. कॅमरिलात सगळ्या लेव्हल्स बंद भावाला टांगलेल्या आहेत. तो ३० ने हलला की एकूण एक रेषा ३० ने हलते. पट्टा अरुंद, आणि वर त्याची खुंटीच सरकती. पिटच्या काळात हा प्रश्न एवढा बोचत नसे. बाँड फ्युचर्सचं रिंगण शिकागोच्या घड्याळात दुपारी दोनला बंद व्हायचं, शेवटच्या सौद्यांवरून सेटलमेंटचा भाव ठरायचा आणि तोच सगळे वहीत लिहायचे.

आपल्याकडे एकाच दिवसाचे दोन बंद भाव असतात. शेअरचा अधिकृत बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या, तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची भारित सरासरी. निर्देशांकाचा अधिकृत बंद त्यातल्या शेअरांच्या अशाच बंद भावांवरून काढला जातो. साडेतीनला स्क्रीनवर थांबलेला आकडा मात्र शेवटचा. शेवटच्या अर्ध्या तासात बाजार एका दिशेने पळाला तर या दोघांत चांगलं अंतर पडतं. तुमचं सॉफ्टवेअर यातला कुठला उचलतं ते डेटावर आणि सेटिंगवर अवलंबून. दिवसाच्या कँडलमध्ये बहुधा अधिकृत आकडा असतो, पाच मिनिटांच्या शेवटच्या कँडलमध्ये शेवटचा. ट्रेडिंगव्ह्यूच्या पिव्होट इंडिकेटरमध्ये `Use Daily-based Values` अशी एक खूण असते. ती काढली की लेव्हल्स इंट्राडे कँडलवरून निघतात, आणि अनेकांना आपण काय बदललं हे कळतही नाही.

उदाहरण घेऊ. आकडे हिशोबाला सोपे म्हणून मी घेतलेत. काल निफ्टीचा हाय २४,९००, लो २४,७००, म्हणजे रेंज २००. शेवटच्या अर्ध्या तासात तेजी आली. अधिकृत बंद २४,८४०, शेवटचा आकडा २४,८७०. नारायण पेठेतल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात शेजारी शेजारी बसलेले दोघे, दोघंही कॅमरिला वापरणारे.

पहिल्याने अधिकृत बंद धरला. त्याचा H3 २४,८९५, H4 २४,९५०, L3 २४,७८५. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर शेवटचा आकडा घेतं. त्याचा H3 २४,९२५, L3 २४,८१५, L4 २४,७६०. सकाळी बाजार २४,८५० ला उघडला, वर २४,९१५ पर्यंत गेला आणि वळला. पहिल्याने परत येताना २४,८९५ ला फ्युचर विकलं (फ्युचर आणि निर्देशांक यांच्यातला फरक सोडून देऊ). दुसऱ्याच्या H3 ला भाव पोचलाच नाही. क्लासिकचा R1 अधिकृत बंद धरून २४,९२७ च्या आसपास येतो, म्हणजे तिथेही सौदा नाही. मग भाव २४,८१० पर्यंत उतरला आणि थोडा वर आला. दुसऱ्याने २४,८१५ ला घेतलं.

‘‘अरे, तू घेतलंस? मी तर शॉर्टमध्ये बसलोय.’’

‘‘L3 वरून वळला की. तुझा L3 किती?’’

‘‘पंच्याऐंशी. अजून तीस अंक खाली आहे.’’

एकच पद्धत, एकच निर्देशांक, एकच सकाळ, आणि दोघं समोरासमोर. दुपारी भाव २४,७७० पर्यंत गेला. पहिला २४,७८५ ला ११० अंक घेऊन बाहेर पडला. दुसरा ४५ अंक तोट्यात, स्टॉप दहा अंकांवर. बाजार उलटा गेला असता तर हेच चित्र उलटं दिसलं असतं, त्यामुळे यावरून अधिकृत बंदच खरा असं सिद्ध होत नाही.

तरी मी अधिकृत बंदच्या बाजूचा आहे. आठवड्याच्या ऑप्शन्सची एक्स्पायरी त्याच भावावर मिटते. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन्स २०१९ मध्ये आले, तेव्हापासून त्या अर्ध्या तासाकडे इंट्राडेवाल्यांचंही लक्ष असतं. शेवटचा आकडा एका मोठ्या ऑर्डरने हलू शकतो, अर्ध्या तासाची सरासरी तितक्या सहज हलत नाही. विरुद्ध बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. रात्रभर लोकांच्या डोळ्यासमोर असतो तो शेवटचा आकडा, आणि वळण हे लोकांच्या आठवणीतून येतं असं मानलं तर आठवण त्याचीच असणार. ही पद्धत जिथे जन्मली तिथे दोघांत एवढी फट नव्हती, त्यामुळे मूळ नियमाचा हवाला देऊनही वाद मिटत नाही.

आपल्याला काय लागलंय हे कसं ओळखायचं? H3 आणि L3 यांची बेरीज करून दोनने भागा. येणारा आकडा म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरने धरलेला बंद भाव. तो बाजाराने जाहीर केलेल्या बंद भावाशी ताडून बघा. वरच्या दुसऱ्या माणसाने हे केलं असतं तर २४,८७० निघालं असतं आणि निदान कळलं असतं की आपण शेजाऱ्याहून वेगळा आकडा धरलाय. क्लासिकमध्ये इतकी सरळ तपासणी होत नाही. तिथे मधल्या पिव्होटला तीनने गुणून हाय आणि लो वजा करावे लागतात.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजारातली. १८ ऑक्टोबर २०१० पासून सकाळी नऊला प्री-ओपन सत्र आलं आणि नियमित व्यवहार सव्वानऊला सुरू होऊ लागले. उघडण्याचा भाव लिलावाने ठरतो, त्यामुळे रात्रभरच्या बातम्या पहिल्याच आकड्यात येतात. बाजार H4 च्या वर किंवा L4 च्या खाली उघडला की रिव्हर्सलच्या मूळ नियमाला त्या दिवशी जागाच उरत नाही. तरी सवयीने H4 वर विकणारे असतातच. क्लासिकवाल्याला अशा दिवशी वर R2, R3 दिसत राहतात, म्हणून रुंद गॅपच्या दिवशी मीही त्याच बघतो.

बंद भावाच्या वादाला आता नवं वळण लागतंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नियामकाने शेवटचा भावही लिलावाने ठरवण्याचा प्रस्ताव चर्चेला ठेवला. तसं झालं की अर्ध्या तासाची सरासरी आणि शेवटचा आकडा यांच्यातली फट त्या शेअरांपुरती बरीचशी मिटेल. पण आजवरच्या डेटावर घेतलेल्या कॅमरिलाच्या चाचण्या सरासरीच्या C वर आहेत, आणि बदलानंतरच्या लेव्हल्स लिलावाच्या C वर निघतील. दोन्ही एकाच तक्त्यात टाकून नफ्याची टक्केवारी काढली तर ती दोन निरनिराळ्या पद्धतींची सरासरी असेल. चाचणीची फाईल त्या तारखेला कापून दोन भाग करावे लागतील.