अँटी-डम्पिंग शुल्क आणि सेफगार्ड शुल्क

परदेशातून आलेल्या मालावर बंदरात जे शुल्क लागते, त्यातला नेहमीचा भाग म्हणजे मूळ सीमाशुल्क. माल कोणत्या प्रकारचा आहे, एवढ्यावरच त्याचा दर ठरतो. तो कोणी बनवला, किती किमतीला विकला, गेल्या वर्षी किती आला होता, हे त्यासाठी कोणी विचारत नाही. अँटी-डम्पिंग शुल्क आणि सेफगार्ड शुल्क या प्रश्नांच्या उत्तरांवर उभे असते. भारतात तिन्ही शुल्के सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ याच कायद्याखाली येतात. मूळ शुल्काचे दर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, सेफगार्डची तरतूद कलम ८-ब मध्ये आहे आणि अँटी-डम्पिंगची कलम ९-अ मध्ये.

मूळ शुल्क सरकार अर्थसंकल्पात किंवा एखाद्या अधिसूचनेने रातोरात बदलू शकते आणि त्यासाठी कोणतीही चौकशी करावी लागत नाही. त्यावर दोन बंधने असतात. जागतिक व्यापार संघटनेला कळवलेल्या कमाल दराच्या वर जाता येत नाही, आणि मुक्त व्यापार करार झालेल्या देशांना कबूल केलेली सवलत द्यावी लागते. ती सोडली तर सगळ्या सदस्य देशांना दर सारखाच लागतो. उरलेली दोन शुल्के या बंधनांना दिलेले अपवाद आहेत. अपवाद असल्यामुळेच त्यांना चौकशी, पुरावा आणि मुदत जोडलेली आहे.

डम्पिंग म्हणजे नेमके काय

स्वस्त माल म्हणजे डम्पिंग, हा सर्वात जास्त आढळणारा गैरसमज. निर्यातदार आपल्या देशात ज्या भावाने विकतो त्यापेक्षा कमी भावाने भारतात विकत असेल, तरच ते डम्पिंग. ज्याचा उत्पादन खर्चच कमी आहे आणि जो दोन्हीकडे सारख्याच भावाने विकतो, त्याच्यावर हे शुल्क लावता येत नाही, भारतीय कारखानदाराला त्याचा कितीही त्रास होत असला तरी.

चौकशी वाणिज्य मंत्रालयाखालचे व्यापार उपाय महासंचालनालय करते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डीजीटीआर म्हणतात आणि ते २०१८ साली सध्याच्या रूपात आले. अर्ज देशी उत्पादकांनी करायचा असतो. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते, आणि पाठिंबा देणारे विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त असावे लागतात. त्यानंतर साधारण बारा महिन्यांचा चौकशी कालावधी धरला जातो आणि नुकसान तपासण्यासाठी त्याआधीच्या तीन वर्षांचे आकडे घेतले जातात. निर्यातदारांना प्रश्नावल्या जातात. जे उत्तर देत नाहीत त्यांच्याबाबत हाती असलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढला जातो, आणि तो बहुधा त्यांच्यासाठी महाग ठरतो. हे सगळे एका वर्षात संपवायचे असते. फार तर सहा महिने वाढवून मिळतात.

एक काल्पनिक हिशेब पाहिला की यातली गंमत कळते. समजा एका रसायनाचा निर्यातदाराच्या देशातला कारखान्याच्या दारातला भाव टनाला १,००० डॉलर आहे. न्हावा शेवा बंदरापर्यंत, भाडे आणि विमा धरून, तो ९०० डॉलरला मिळतो. त्यातून जहाजभाडे, विमा, बंदरखर्च आणि कमिशन यांचे ८० डॉलर वजा केले की त्याच्या कारखान्याच्या दारातला निर्यातभाव ८२० येतो. फरक १८० डॉलर, म्हणजे ८२० वर जवळपास २२ टक्के. हे डम्पिंग मार्जिन. ते दोन टक्क्यांपेक्षा कमी निघाले असते तर त्या निर्यातदाराविरुद्धची चौकशी तिथेच थांबली असती.

पण भारत एवढे शुल्क आपोआप लावत नाही. दुसरा आकडा काढला जातो तो नुकसानीचा. देशी उत्पादकाचा रास्त खर्च आणि गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा धरून एक अ-हानिकारक किंमत ठरवतात. ती इथे १,१०० डॉलर धरू. आयात मालाची भारतातली पोहोच किंमत म्हणजे ९०० डॉलर, त्यावर ७.५ टक्के मूळ शुल्काचे ६७.५० आणि त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभाराचे ६.७५, मिळून ९७४.२५. म्हणजे नुकसान मार्जिन १२५.७५ डॉलर. दोन्हींपैकी जे कमी ते शुल्क, म्हणून टनाला १२५.७५ डॉलर. मूळ शुल्क वाढले की पोहोच किंमत वाढते आणि नुकसान मार्जिन घटते. दोन शुल्कांमधला हा संबंध पुष्कळदा लक्षात येत नाही. मूळ शुल्क आधीच चढे असेल तर अँटी-डम्पिंग शुल्काला जागाच उरत नाही, असेही होऊ शकते.

आता वीस टनांचा कंटेनर आला आणि डॉलर ८५ रुपयांना आहे असे समजू. मालाचे मूल्य १५,३०,००० रुपये, मूळ शुल्क १,१४,७५० आणि अधिभार ११,४७५. अँटी-डम्पिंग शुल्क २,१३,७७५ रुपये. त्यावर अधिभार लागत नाही. पण १८ टक्के आयजीएसटी या सगळ्यांच्या बेरजेवर, म्हणजे १८,७०,००० वर लागतो आणि ३,३६,६०० होतो. आयजीएसटीची वजावट व्यापाऱ्याला पुढे मिळते, अँटी-डम्पिंग शुल्काची मिळत नाही. ते थेट त्याच्या खर्चात जाते.

आयातदारांची सर्वात जास्त फसगत अधिसूचनेतला तक्ता वाचताना होते. त्यात मालाचे वर्णन, उगमाचा देश, निर्यातीचा देश, उत्पादक, रक्कम, एकक आणि चलन असे रकाने असतात. दर देशागणिकच नव्हे तर उत्पादकागणिक वेगळा असतो. सहकार्य करणाऱ्या उत्पादकाचे नाव तक्त्यात असेल आणि आपला माल त्याचाच आहे हे कागदांवरून सिद्ध करता आले नाही, तर ‘इतर कोणताही’ या ओळीतला सर्वात चढा दर लागतो. म्हणून सौदा करतानाच मूळ उत्पादकाचे नाव बीजकावर आणि चाचणी प्रमाणपत्रावर येईल याची खात्री करावी लागते. दुसरी गोष्ट, तक्त्यातला शीर्ष क्रमांक, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, फक्त मार्गदर्शक असतो आणि बंधनकारक असते ते वर्णन. दुसऱ्या क्रमांकाखाली माल दाखवला म्हणून शुल्क टळत नाही. वस्तूत किरकोळ बदल करून किंवा तिसऱ्या देशातून वळवून माल आणला, तर वळसाविरोधी चौकशी होऊन शुल्क त्या मार्गावरही लावता येते.

हे शुल्क पाच वर्षे टिकते आणि मुदत संपण्याआधीच्या पुनरावलोकनानंतर पुढे वाढवता येते. डीजीटीआर फक्त शिफारस करते. लावायचे की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवते, आणि नाकारण्याचे प्रसंगही कमी नाहीत.

सेफगार्ड: दोष कोणाचाच नाही

सेफगार्ड शुल्कात निर्यातदाराने काही वावगे केले असे सिद्ध करावे लागत नाही. आयात अचानक आणि इतकी वाढली की देशी उद्योगाला गंभीर हानी झाली किंवा होण्याची स्पष्ट भीती आहे, एवढे पुरे. पण ‘गंभीर हानी’ ही कसोटी अँटी-डम्पिंगमधल्या ‘भरीव हानी’पेक्षा कडक आहे. शुल्क तत्त्वतः सगळ्या देशांना लागते. ज्या विकसनशील देशाचा आयातीतला वाटा तीन टक्क्यांपेक्षा जास्त नाही तो वगळला जातो, मात्र अशा सगळ्या देशांचा मिळून वाटा नऊ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पहिली मुदत चार वर्षांपर्यंत, मुदतवाढ धरून एकूण दहा. एका वर्षाहून जास्त काळ लावायचे असेल तर दर टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, कारण हा अवधी उद्योगाने स्वतःला सुधारण्यासाठी दिलेला असतो. कोणाचा दोष नसताना निर्यातदार देशाचे नुकसान होते, म्हणून त्याला दुसरीकडे भरपाईची सवलत मागता येते. अँटी-डम्पिंगमध्ये तसा प्रश्नच येत नाही.

सोलर सेलची कहाणी

या तिन्ही वाटांनी एकच वस्तू गेल्याचे भारतातले सर्वात बोलके उदाहरण सोलर सेल आणि पॅनेलचे आहे. मूळ सीमाशुल्क शून्य असल्यामुळे देशी उत्पादकांनी आधी अँटी-डम्पिंगचा मार्ग धरला. मे २०१४ मध्ये चीन, मलेशिया, तैवान आणि अमेरिका या चौघांविरुद्ध वॅटला ०.११ ते ०.८१ डॉलर शुल्काची शिफारस झाली. अर्थ मंत्रालयाने तीन महिन्यांत अधिसूचना काढली नाही आणि शिफारस तशीच बाद झाली. स्वस्त पॅनेलवर उभ्या राहणाऱ्या वीजप्रकल्पांचे हित आणि पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांचे हित एकमेकांच्या आड आले होते.

पुढची वाट सेफगार्डची. जानेवारी २०१८ मध्ये तात्पुरत्या ७० टक्के शुल्काची शिफारस झाली, पण ते लागले नाही. ३० जुलै २०१८ पासून प्रत्यक्षात लागले ते पहिल्या वर्षी २५, पुढच्या सहा महिन्यांत २० आणि शेवटच्या सहा महिन्यांत १५ टक्के. विकसनशील देशांपैकी फक्त चीन आणि मलेशिया त्याच्या कक्षेत होते. परिणाम अपेक्षित तोच झाला: व्हिएतनाम आणि थायलंडकडून माल येऊ लागला. जुलै २०२० मध्ये एका वर्षाची मुदतवाढ देताना मलेशिया वगळून या दोघांना आत घेतले गेले. त्या वर्षीचा दर आधी १४.९ आणि मग १४.५ टक्के होता.

या शुल्काचा एक विचित्र तोटा देशी उत्पादकांनाही झाला. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कारखान्यांचा माल देशात विकताना आयातीसारखाच धरला जातो, त्यामुळे तिथल्या सेल-उत्पादकांच्या मालावरही सेफगार्ड लागले. अर्ज करणाऱ्यांपैकी काहींचे कारखाने अशाच क्षेत्रांत होते. दुसरीकडे, निविदेत युनिटचा दर आधीच ठरवून बसलेल्या प्रकल्पधारकांनी ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली भरपाई मागितली, आणि ती प्रकरणे केंद्रीय आणि राज्य वीज नियामक आयोगांपुढे बराच काळ चालली.

मुदतीचे शुल्क संपते, आणि संपण्याची तारीख सगळ्यांना माहीत असते. सेफगार्ड २९ जुलै २०२१ रोजी संपले. त्याआधीच मार्च २०२१ मध्ये सरकारने जाहीर केले होते की १ एप्रिल २०२२ पासून सेलवर २५ आणि मॉड्यूलवर, म्हणजे पॅनेलवर, ४० टक्के मूळ सीमाशुल्क लागेल. त्यासाठी ना हानी सिद्ध करावी लागली, ना निर्यातदारांना प्रश्नावल्या पाठवाव्या लागल्या, आणि त्याला संपण्याची तारीखही नव्हती. मधल्या आठ महिन्यांत कोणतेच शुल्क नव्हते. त्या काळात प्रकल्पधारकांनी पॅनेल भरभरून मागवून गोदामात ठेवले.