माहिती-संरक्षण व पेमेंट-सुरक्षा (छोट्या ऑनलाइन व्यवसायाच्या आराखड्यातील विभाग)

दुकान ग्राहकाची कोणती माहिती घेते, ती कुठे आणि किती काळ ठेवते, ती कोण पाहू शकतो, पैसे खरोखर आले हे कशावरून ठरवते आणि माहिती फुटली तर काय करते, हे सांगणारा व्यवसाय-आराखड्यातील भाग. मराठीत ‘डेटा’साठी ‘विदा’ हा शब्दही चालतो. पण बँकेत किंवा ग्राहकाला दाखवायच्या कागदात ‘माहिती’ हाच शब्द सोयीचा.

उगम. हा विभाग आराखड्यात केव्हापासून दिसू लागला, याचे नेमके वर्ष सांगणे कठीण आहे. एक धागा कार्ड कंपन्यांकडून येतो. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी कार्डावरील माहितीच्या सुरक्षेसाठी पीसीआय डीएसएस हे सामाईक मानक आणले आणि कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते लागू धरले. दुसरा धागा कायद्याचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३-क आणि त्याखालचे २०११चे नियम, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा पुट्टस्वामी निकाल, २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ मधील त्याचे नियम असा तो क्रम आहे. नव्या कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर दीड वर्षाने, म्हणजे साधारण मे २०२७ पासून लागू होणार आहेत. कायद्याच्या बाजूने लिहिणारे दुसऱ्या धाग्याला अधिक वजन देतात. भारतातील छोट्या दुकानाचे रोजचे काम मात्र रिझर्व्ह बँकेच्या एका आदेशाने जास्त बदलले, असे मानणे योग्य वाटते. अनेक मुदतवाढींनंतर १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने ग्राहकाचा कार्ड क्रमांक स्वतःकडे ठेवणे बंद झाले. क्रमांकाऐवजी टोकन, म्हणजे त्याच्या जागी दिलेला बदली कोड, वापरले जाते. ते त्या कार्डापुरते आणि त्या व्यापाऱ्यापुरतेच चालते, म्हणून चोरीला गेले तरी दुसरीकडे उपयोगी पडत नाही. हिशेब जुळवण्यासाठी कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव एवढेच ठेवता येते.

पैसे आले हे कशावरून. मालवणी मसाला आणि कोकम आगळ विकणारे एक घरगुती दुकान घेऊ. ग्राहकाने १,८५० रुपयांची ऑर्डर दिली. पैसे भरायला तो पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन दुकानाला पोचवणाऱ्या सेवेच्या, पानावर जातो आणि परत येतो तेव्हा दुकानाच्या साइटवर ‘धन्यवाद, पैसे मिळाले’ असे पान उघडते. नवखा विक्रेता इथेच पार्सल बांधायला घेतो. पण त्या पानाचा पत्ता हाताने टाइप करूनही ते उघडता येते. म्हणून दुकानाच्या सर्व्हरने गेटवेकडून आलेली डिजिटल सही, म्हणजे निरोप गेटवेचाच आहे हे दाखवणारा कोड, गुप्त किल्लीने पडताळायची आणि रक्कम स्वतःच्या नोंदीशी जुळवायची. ब्राउझरने पाठवलेल्या रकमेवर विसंबायचे नाही, कारण १,८५०चे १ करून पाठवणे अवघड नसते. उलट चूकही होते. ग्राहकाचे पैसे कापले गेले, पण मधेच नेट गेल्याने तो परत आलाच नाही. अशा वेळी गेटवे थेट सर्व्हरला कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो बसवलेला नसेल तर ऑर्डर ‘अपूर्ण’ दिसते आणि संध्याकाळी ग्राहकाचा चिडलेला फोन येतो.

यूपीआयच्या स्क्रीनशॉटचेही तसेच. ते चित्र आहे, पावती नाही. आराखड्यात एक ओळ पुरेशी: ‘खात्यात किंवा गेटवेच्या पॅनेलवर रक्कम दिसल्याशिवाय माल निघणार नाही.’ पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही ऑर्डर घेणाऱ्या घरच्या माणसांना सांगून ठेवावे.

उरलेली माहिती. कार्ड क्रमांक गेला तरी नाव, पत्ता आणि फोन राहतातच. छोट्या दुकानात ते बहुधा सर्व्हरवरून फुटत नाहीत. कुरिअरसाठी काढलेली एक्सेल फाइल पॅकिंग करणाऱ्याच्या फोनवर पाठवलेली असते आणि तो काम सोडून गेल्यावरही तिथेच राहते. त्यामुळे विभागात फाइलचे नाव, ती उघडू शकणारी माणसे आणि ती पुसायचा दिवस लिहावा, उदाहरणार्थ पार्सल पोचल्यावर ३० दिवसांनी. हा आकडा दुकानाने स्वतः ठरवायचा. ‘सगळे पुसून टाकू’ असे मात्र लिहू नये. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, म्हणजे बिलावरचा पत्ता तेवढा काळ राहणारच. ऑफरचे मेसेज पाठवायची यादी वेगळी. ग्राहकाने नको म्हटले की तिच्यातून त्याचा नंबर काढावा.

गळती झाल्यास. सायबर घटनांची माहिती सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांत द्यावी, असा २८ एप्रिल २०२२चा निर्देश आहे. २०२५चे नियम पूर्ण लागू झाल्यावर माहिती संरक्षण मंडळाला आणि बाधित ग्राहकांना विलंब न करता कळवावे लागेल, मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत. विभागात निदान कोण फोन करणार आणि गेटवेच्या किल्ल्या कोण बदलणार, ही दोन नावे असावीत.