कुत्र्याला जुलाब झाले म्हणून लगेच अँटिबायोटिक का देत नाही?

"मागच्या वेळी दिलेली तीच गोळी द्या ना, दोन दिवसांत बरा झाला होता." दवाखान्यात हे रोज ऐकू येतं, म्हणून उत्तर एकदा नीट लिहून ठेवत आहोत.

ती गोळी बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल असते. दोन दिवसांत बरं वाटलं हेही खरं. पण कचऱ्यात तोंड घातल्याने किंवा खाणं अचानक बदलल्याने लागलेले जुलाब गोळीशिवायही काही दिवसांत थांबतात. श्रेय मात्र गोळीला मिळतं. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी या औषधाने विस्कटते आणि ती बसायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात. यात पित्ताम्लांवर काम करणारे जिवाणूही जातात. म्हणूनच कुत्रा खेळकर असेल आणि जुलाब सौम्य किंवा मध्यम असतील, तर अँटिबायोटिक देऊ नये, असं युरोपातल्या पशुवैद्यांच्या 'एनोव्हॅट' गटानेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. शीत ताज्या रक्ताची रेघ किंवा शेंबडासारखा चिकट भाग दिसला की लोक घाबरतात. मोठ्या आतड्याला सूज आली की तो दिसतो. तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो घरी उरलेली गोळी देऊन मग आणलेल्या कुत्र्यांवर. मेट्रोनिडाझोल भयंकर कडू असतं. कुत्रा लाळ गाळतो, तोंडाला फेस येतो, खाणं सोडतो, कधी उलटीही करतो. तुम्ही सांगता, "कालपासून खात नाही, उलटी झाली." आता हा आजार वाढला की गोळीचा प्रताप, हे कळायला रक्त तपासावं लागतं, आणि तो खर्च तुमच्याच खिशातून जातो. त्यातून आतड्यात जिआर्डिया हा परजीवी असेल, तर अर्धवट डोसाने तो दबतो, मरत नाही, आणि शीच्या तपासणीत सापडायचा राहून जातो. माणसांची जुलाब थांबवणारी गोळीही नकोच. लोपेरामाइड कोली जातीच्या काही कुत्र्यांना विषासारखं बाधतं.

मग करायचं काय? समजा तीन वर्षांचा, लसी पूर्ण झालेला, वीस किलोचा कुत्रा आहे. सकाळपासून पाच वेळा पातळ शी झाली, पण शेपूट हलतेय, पाणी पितोय, उलटी नाही. हिरडीवर बोट फिरवून बघा. ओलसर, गुळगुळीत लागली तर ठीक. चिकट लागली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. अशा कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर पाणी एरवीच लागतं आणि जुलाबात त्याहून जास्त, म्हणून भांडं सतत भरलेलं ठेवा.

दिवसभर उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता सोडा. आतड्याच्या अस्तराला त्यातून जाणाऱ्या अन्नातूनच पोषण मिळतं. कातडी काढून, बिनमिठाचं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ भात दोन भाग, तेल-तूप अजिबात नाही. रोजच्या निम्मं खाणं पाच-सहा वेळांत विभागून द्या, दुसऱ्या दिवशी थोडं वाढवा. शी बांधून आली की नेहमीचं खाणं तीन-चार दिवसांत हळूहळू मिसळा. जुलाब थांबल्यावर एक-दोन दिवस शीच होत नाही. पोट रिकामं झालेलं असतं, तेव्हा बद्धकोष्ठ समजून काही देऊ नका. रोज नवा पदार्थ देऊन बघणं तर मुळीच नको.

शिजवायला वेळ नसेल, तर पचायला हलकं डबाबंद खाणं आणि कुत्र्यांसाठीचं प्रोबायोटिक आमच्याकडे मिळतं. प्रोबायोटिकने जुलाब थोडे लवकर आटोपू शकतात. जादू होत नाही, आणि ते घेतलंच पाहिजे असंही नाही. पाणी कमी पडलं असेल, तर कातडीखाली किंवा शिरेतून सलाईन देतो. खऱ्या अर्थाने उपयोग होतो तो त्याचा.

थांबू नये अशा वेळाही आहेत. लसी अपूर्ण असलेलं पिल्लू (पार्व्हो या विषाणूची शंका आधी दूर करावी लागते), वारंवार उलट्या, भरपूर रक्त, ताप, मलूल पडणं, पाणीही न पिणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच आणा. संसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणं असतील, तर अँटिबायोटिक आम्हीच, तेही लगेच सुरू करतो. नुसते जुलाब तीन-चार दिवसांत कमी झाले नाहीत तरी दाखवून जा.

येताना चमचाभर ताजी शी झाकणाच्या डबीत आणा, रात्रीची असेल तर फ्रिजमध्ये ठेवून. घरी कुठली गोळी दिली असेल, तर तिची पट्टीही सोबत आणा. आम्ही रागावणार नाही, पण किती आणि कधी दिली ते कळायलाच हवं.